दहा रुपयांचं युनिट

कुठल्याही नवीन फंडाची विक्री बंद व्हायचा आठवडा आला की माझ्याकडे कोणीतरी जुना फंड विकायला येतंच. मी नागपुरात म्युच्युअल फंड वितरक आहे, प्रतापनगरला छोटं ऑफिस आहे. त्या मंगळवारी आले ते काका माझे जुने गुंतवणूकदार. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के, घरचं लाईट बिलसुद्धा युनिटगणिक तपासणारे. सोबत काकू होत्या. खुर्चीवर बसायच्या आधीच काका म्हणाले, "बेटा, इंडेक्स फंडातले सगळे युनिट विकून टाक. आज तीनच्या आत टाकशील ना?"

घाई का, ते मला लगेच कळलं. तीनच्या आत अर्ज गेला तर त्याच दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचं त्या दिवसाचं मूल्य, लागते आणि पैसे साधारण दोन कामाच्या दिवसांत बँकेत येतात. म्हणजे गुरुवारी पैसे हातात, शुक्रवारी नव्या फंडाचा शेवटचा दिवस. कोणीतरी त्यांना वेळापत्रक नीट आखून दिलं होतं.

"बँकेतला पोरगा सांगून राहिला का नवीन फंड दहा रुपयाला भेटून राहिला. आपला आहे सव्वादोनशेचा. नऊ लाखात इथं माझे चारच हजार युनिट, तिथं नव्वद हजार भेटतील. दहाचे वीस व्हायला कितीसा वेळ लागते? सव्वादोनशेचे साडेचारशे कधी व्हायचे?"

नवा फंड कोणता, म्हणून मी त्यांच्या हातातलं पत्रक घेतलं. निफ्टी 50 या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाची नक्कल करणारा इंडेक्स फंड. आणि काकांचा जुना फंड? तोही निफ्टी 50 वरच. त्याच पन्नास कंपन्या आणि त्याच प्रमाणात. माझ्या कामात यापेक्षा सरळ उदाहरण मला कधी सापडलेलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

नागपूरला परत येण्यापूर्वी मी मुंबईत एका फंडाच्या हिशेब विभागात होते. रोज संध्याकाळी एनएव्ही काढणं हेच आमचं काम. फंड विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती निघताना पाहिलेली असते आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो असं माझं मत आहे. एकदा पाहिली असती, तर तिला "भाव" म्हणायची जीभच वळली नसती.

बाजार बंद झाला की शेअर बाजाराकडून बंद किमतींची फाईल येते. फंडाकडे कुठल्या कंपनीचे किती शेअर आहेत ते आपल्या वहीत असतंच. संख्या गुणिले किंमत अशी एकेक ओळ करत बेरीज होते. त्यात बँकेतली रोकड आणि येणे असलेला लाभांश मिळवायचा, देणी वजा करायची. मग त्या दिवसाचा खर्च वजा होतो. हा भाग बाहेर कोणाला ठाऊक नसतो. खर्च वर्षाअखेर एकदम कापत नाहीत, रोज थोडा थोडा कापतात, शनिवार-रविवारचाही. समजा फंड 1,000 कोटींचा आहे आणि वर्षाचा खर्च 1.825 टक्के, तर दिवसाचे पाच लाख रुपये वजा होतात. उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागायचं. 1,000 कोटी उरले आणि युनिट 20 कोटी असतील, तर एनएव्ही 50 रुपये. रात्री अकराच्या आत ती जाहीर झालीच पाहिजे असा शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा नियम आहे.

या भागाकारातली युनिटांची संख्या कुठून येते, ते समजून घेण्यासारखं आहे. आज ज्यांनी पैसे भरले, त्यांचे युनिट आजच्या भागाकारात नसतात. आधी आजची एनएव्ही निघते, मग त्या एनएव्हीने त्यांना युनिट मिळतात. समजा आज पाच कोटी रुपये नव्याने आले. 50 रुपयांनी 10 लाख युनिट वाटले गेले. आता फंडात 1,005 कोटी आहेत आणि युनिट 20 कोटी 10 लाख. भागून पाहा, एनएव्ही 50 च राहते. हजारो लोक रांग लावून आले तरी एनएव्ही एक पैसाही वर जात नाही, कारण युनिटवर कोणी बोली लावत नाही. जितके पैसे आत आले, तितके युनिट वाढले. हीच गोष्ट उलटही खरी आहे: फंड सुरू करताना दहाऐवजी शंभर रुपयांचं युनिट ठेवलं असतं, तर आज 2 कोटी युनिट असते आणि एनएव्ही 500 दिसली असती. आतली शेअरांची टोपली तीच राहिली असती.

आकडा पडतो पण मूल्य पडत नाही, हे त्या विभागात एका संध्याकाळी फार जवळून पाहायला मिळालं होतं. आमच्याकडे एक तपासणी असायची: निर्देशांक किती हलला आणि आपला फंड किती हलला, यात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक दिसला तर एनएव्ही पुढे पाठवायची नाही. त्या दिवशी निर्देशांक किंचित वर होता आणि आमची एनएव्ही 50 वरून थेट 48.80 वर आलेली. म्हणजे 20 कोटी युनिटांच्या हिशेबाने 24 कोटी रुपये हवेत गेले होते. आमचे वरिष्ठ शांतपणे बसले, प्रत्येक शेअरची कालची आणि आजची किंमत बाजूबाजूला लावली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्या कंपनीच्या एका शेअरचे त्या दिवसापासून पाच झाले होते. काल 1,500 ला असलेला शेअर आज 300 ला बंद झाला होता. फंडाकडे 2 लाख शेअर होते ते आता 10 लाख व्हायला हवे होते, पण बाहेरच्या माहिती पुरवणाऱ्याकडून विभाजनाची नोंद आलीच नव्हती. नवी किंमत जुन्या संख्येने गुणली गेली आणि 30 कोटींचे सहा कोटी झाले. संख्या दुरुस्त केली, एनएव्ही जागेवर आली, जाहीर झाली. त्या वरिष्ठांसारखी माणसं असतात म्हणून गुंतवणूकदाराला सकाळी बरोबर आकडा दिसतो आणि त्यांचं नाव कुठे येत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

काकांना मी हा प्रसंग सांगितला. त्यांनी लक्ष देऊन ऐकला, पण हलले नाहीत. "शेअरचं ठीक आहे. पण बेसाला मी प्लॉट घेतला तेव्हा रेट कमी होता म्हणूनच घेतला ना? आज बघ."

नागपुरात हा युक्तिवाद हलक्यात घेऊन चालत नाही. इथे दर दुसऱ्या घरात प्लॉटमुळे पैसा झालेला आहे आणि "रेट कमी असताना घ्या" हे शहाणपण लोकांनी स्वतः अनुभवलेलं आहे. मी म्हटलं, "काका, प्लॉटचा रेट तुम्ही चौरस फुटाने विचारता. हे दोन फंड म्हणजे एकाच लेआउटमधली एकच जमीन, एकाच रेटची. एकजण तिचे दहा रुपयांचे बारीक तुकडे पाडून विकतो आहे, दुसरा सव्वादोनशेचे मोठे. नऊ लाख दिले तर दोघांकडून जमीन तेवढीच मिळणार."

काकू तेवढ्यात बोलल्या, "मग चौरस फुटाचा रेट कोठे दिसते यात?"

नेमका प्रश्न होता. शेअर महाग की स्वस्त हे पाहायला कंपनीच्या नफ्याशी किमतीची तुलना करतात. निफ्टीचं हे गुणोत्तर शेअर बाजार रोज जाहीर करतो. बाजार महाग आहे की स्वस्त याचा अंदाज बांधायचाच असेल तर तो तिथे बांधता येतो. आणि दोन्ही फंडांत तेच पन्नास शेअर असल्यामुळे हा रेट दोघांचा अगदी सारखाच होता. एनएव्हीत तो दिसत नाही, कारण एनएव्हीला युनिटांची संख्या चिकटलेली आहे आणि ती संख्या म्हणजे केवळ फंड कधी आणि किती रुपयांच्या युनिटाने सुरू झाला याचा इतिहास.

काकांना आकडे स्वतः केल्याशिवाय पटत नाहीत, म्हणून मी म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना असलेल्या अॅम्फीच्या संकेतस्थळावरून निफ्टी 50 च्याच दोन फंडांच्या एका वर्षाच्या अंतराने असलेल्या एनएव्ही काढून दिल्या आणि कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. पहिला, जुना, 205 वरून 225.50 वर गेला होता. दुसरा, दोनेक वर्षांपूर्वीच आलेला, 12.40 वरून 13.63 वर. काकांनी पेनाने दोन भागाकार मांडले. पहिला बरोबर दहा टक्के आला, दुसरा 9.92. ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. "म्हणजे बारावाला काही जास्त पळला नाही." मी म्हटलं, थोडा मागेच राहिला. एकच निर्देशांक असलेल्या दोन फंडांत जो बारीक फरक पडतो, तो खर्च किती कापला आणि निर्देशांकाची नक्कल किती काटेकोर केली यातून पडतो. आपण निवड करायची ती या फरकावर.

मग मी विकण्याचा खर्च मांडला. नऊ लाखांत त्यांची स्वतः भरलेली रक्कम चार लाख, नफा पाच लाख, सगळे युनिट वर्षाहून जुने. वर्षातला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, उरलेल्या 3,75,000 वर साडेबारा टक्के आणि त्यावर चार टक्के सेस. एकूण 48,750 रुपये. म्हणजे दहा रुपयांच्या युनिटात नव्वद हजारांऐवजी पंच्याऐंशी हजारांच्या आसपासच युनिट आले असते. कर कधीतरी भरावा लागणारच, हे मी त्यांना सांगितलं. पण गरजेप्रमाणे दरवर्षी थोडं थोडं विकलं तर सव्वा लाखाची सूट पुन्हा पुन्हा मिळते. एकाच दिवशी सगळं विकून ती एकदाच वापरली जाते, आणि कशासाठी, तर तीच पन्नास नावं परत विकत घेण्यासाठी. निफ्टी पुढे दहा टक्के वाढला तर जुन्या फंडात नऊ लाखांचे नऊ लाख नव्वद हजार होतील आणि नव्यात साडेआठ लाखांचे नऊ लाख छत्तीस हजार.

इथे काकांचा फोन वाजला. बँकेतलाच मुलगा होता. काकांनी स्पीकर लावला आणि मला बोलायला सांगितलं. मी त्याला विचारलं, दोन्ही फंडांचा निर्देशांक एकच आहे, मग काकांनी बदलायचं कारण काय? तो क्षणभर थांबला. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आपल्याला माहिती आहे, पण कस्टमरला दहा रुपये सांगितलं की पटकन समजतं."

त्याला माहीत होतं. हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. अज्ञानातून कोणी चुकीचं सांगितलं तर मला एवढा त्रास होत नाही, समजावता येतं. पण त्या मुलाला महिन्याचा आकडा दिलेला असतो आणि नव्या फंडाच्या आठवड्यात वरून रोज विचारणा होते. जुन्या, नीट चाललेल्या फंडात ग्राहक बसून राहिला तर त्याच्या खात्यात काहीच जमा होत नाही. ग्राहकाला हलवण्यातच ज्याची नोकरी टिकते, त्याच्याकडून स्थिर बसण्याचा सल्ला कसा येणार? माझ्या व्यवसायातले काहीजणही "एनएव्ही फक्त दहा" असं मोठ्या अक्षरात छापलेलं चित्र व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि त्यांच्याशी माझं यावरून वाकडं आहे.

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "पण यूएस-64 चे युनिट आम्ही घेत होतो तेव्हा तर भाव पाहूनच घेत होतो." त्यांच्या पिढीत ही आठवण ताजी आहे. यूटीआय म्हणजे युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया या संस्थेची ती योजना 1964 ची, दहा रुपये दर्शनी मूल्याची, आणि तिचे खरेदी-विक्रीचे भाव संस्था स्वतः ठरवून जाहीर करायची. त्या भावाचा आतल्या मालमत्तेच्या खऱ्या मूल्याशी रोजचा संबंध नव्हता. तिथे युनिट महाग पडतंय की स्वस्त, हा प्रश्न खराच होता, आणि जुलै 2001 मध्ये खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली गेली तेव्हा त्याचं उत्तर लाखो घरांना मिळालं. काकांचे पैसेही तेव्हा अडकले होते. आजच्या खुल्या फंडात तुम्ही देता ते त्या दिवसाच्या मूल्याएवढंच. फक्त शेअर बाजारावर विकले जाणारे ईटीएफ नावाच्या फंडांचे युनिट एनएव्हीपेक्षा कमी-जास्त भावाने मिळू शकतात, कारण तिथे घेणारा आणि विकणारा समोरासमोर असतात. तिथे भावाकडे जरूर बघावं, आणि तेही एनएव्हीशी ताडून.

तीन वाजून गेले. काकांनी विक्रीचा अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. मला वाटलं, झालं. पण त्यांनी आपलं खातेपत्रक परत उघडलं होतं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या यादीतल्या दोन ओळींवर त्यांची नजर अडकली होती. "आपलाच फंड दोनदा कसा? एक सव्वादोनशे, दुसरा दोनशे तेहतीस."

सव्वादोनशेवाला रेग्युलर प्लॅन, म्हणजे वितरकामार्फत घेतलेला, दुसरा डायरेक्ट. शेअर तेच, व्यवस्थापक तोच. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाला थेट घेणाऱ्यांसाठी वेगळा प्लॅन ठेवावा लागतो आणि त्यातून वितरकाचं कमिशन जात नाही. म्हणून त्यातून रोज कापला जाणारा खर्च कमी, आणि वर्षानुवर्षं तो फरक साचून एनएव्ही पुढे गेलेली. म्हणजे या जोडीत कमी एनएव्ही असलेला फंडच गुंतवणूकदाराला महाग पडलेला आहे. दुपारभर मी जे समजावत होते, त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा हाच होता.

"मग हे आठ रुपये कोठे गेले?"

"माझ्याकडे आले, काका. म्हणजे त्यातला बहुतेक भाग. तुमचे अर्ज, नॉमिनी, पत्ता बदल, आज इथे बसून बोलणं, याचे पैसे मला तिथूनच मिळतात."

काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी विचारलं, हे सगळे युनिट डायरेक्टला नेता येतील का. येतील, पण प्लॅन बदलणं म्हणजे कायद्याने विक्रीच, म्हणजे आत्ताच मोजलेला 48,750 चा कर लागणारच. त्यांच्या फंडात दोन्ही प्लॅनमधला खर्चाचा फरक वर्षाला पाव टक्का होता, नऊ लाखांवर सव्वादोन हजार. हा हिशेब त्यांनी स्वतःच केला आणि जुने युनिट जिथे आहेत तिथेच ठेवायचं ठरवलं. दिवाळीनंतर एक मुदत ठेव सुटणार आहे, ते तीन लाख मात्र डायरेक्टमध्ये टाकायचे. काकूंच्या फोनवर ते कसं करायचं, फंडाच्या नावातला कुठला शब्द पाहायचा, खूण कुठे करायची, ते मी त्यांना दाखवलं. काकूंनी ते त्या भागाकाराच्या कागदामागेच लिहून घेतलं.

शुक्रवारी बँकेतल्या त्या मुलाचा काकांना परत फोन आला होता. काकांनी त्याला दोन्ही फंडांचा वर्षाचा खर्च विचारला. बघून सांगतो म्हणाला.